दोन डबे, एक दोर: फ्युनिक्युलरने डोंगरावरच्या गावात जाताना

खालचं गाव नदीकाठी किंवा बंदराशी, वरचं गाव डोंगराच्या सपाटीवर, आणि मधे सरळ उभा चढ. अशा गावांमध्ये वर जायला रस्ता असतो, पण तो वळणं घेत लांबून जातो. पायऱ्या असतात, त्या दम काढतात. आणि एक गाडी असते, जी चार-सहा मिनिटांत वर नेऊन सोडते. ती गाडी तीन प्रकारची असू शकते: हवेतून जाणारा रोपवे, डोंगराला वळसे घालत जाणारी टॉय ट्रेन, किंवा रुळांवरून दोराने ओढली जाणारी फ्युनिक्युलर. या लेखात मुख्यतः फ्युनिक्युलरबद्दल लिहितोय, कारण पहिल्यांदा जाणाऱ्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच उडतो. ती रेल्वेसारखी दिसते, म्हणून लोक तिच्याशी रेल्वेसारखं वागायला जातात, आणि ती रेल्वेसारखी मुळीच वागत नाही.

आधी ओळखा, आपण कशात बसणार आहोत

नावावर जाऊ नका. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनची ‘केबल कार’ १९०२ पासून चालते, पण ती रुळांवरून जाते. आज ती फ्युनिक्युलर आहे. हाँगकाँगची १८८८ची ‘पीक ट्राम’ ही ट्राम नसून फ्युनिक्युलर. इस्तंबूलमधली १८७५ची ‘ट्युनेल’ जमिनीखालून जाते, म्हणून नवखा माणूस तिला मेट्रो समजतो. तीही फ्युनिक्युलरच. उलट सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रसिद्ध केबल कार रस्त्यावरून धावतात आणि त्यांचं तंत्रच निराळं आहे. आपल्याकडे तर दोराने ओढलं जाणारं काहीही दिसलं की आपण ‘रोपवे’ किंवा ‘ट्रॉली’ म्हणून मोकळे होतो.

खात्रीची खूण रुळांच्या मधोमध असते. खालच्या स्थानकावर फलाटाच्या कडेपासून जरा मागे उभं राहून दोन रुळांच्या मधे बघा. तिथे ठरावीक अंतरावर छोटी चाकं बसवलेली असतील आणि त्यांवरून बोटभर किंवा त्याहून जाड पोलादी दोर गेलेला असेल, तर ती फ्युनिक्युलर. मधे करवतीसारखी दातेरी पट्टी दिसली तर ती दातेरी रेल्वे. इंजिनाखालचं दातेरी चाक त्या पट्टीत अडकवून ती चढते. निलगिरीच्या गाडीला कल्लार ते कुन्नूरच्या टप्प्यात अशी पट्टी आहे, कारण तिथे चढ १२ला १ इतका होतो. मधे काहीच नसेल, नुसते अरुंद रूळ असतील, तर साधी टॉय ट्रेन. ती चाकांच्या पकडीवरच चढते आणि म्हणूनच तिला इतके वळसे घ्यावे लागतात. दार्जिलिंगच्या गाडीला तर जागा मिळेना म्हणून काही ठिकाणी पुढे-मागे करत, इंग्रजी झेडच्या आकारात चढावं लागतं. आणि रूळच नसतील, डोक्यावर तारा असतील, तर तो रोपवे.

ही ओळख पटवण्याचा उपयोग लगेच पुढच्या पायरीवर होतो. रांगेत किती वेळ जाईल, कुठे बसायचं, गाडी मधेच थांबली तर घाबरायचं की नाही, हे सगळं त्यावरच अवलंबून आहे.

मग ही एक गोष्ट डोक्यात पक्की करा

फ्युनिक्युलरचे डबे दोन असतात आणि ते एकाच दोराच्या दोन टोकांना बांधलेले असतात. दोर वरच्या स्थानकातल्या मोठ्या चाकावरून फिरतो. विहिरीच्या रहाटाला दोन्हीकडे बादल्या बांधल्या तर एक वर येताना दुसरी खाली जाते, अगदी तसं. खाली येणाऱ्या डब्याचं वजन वर जाणाऱ्याला ओढतं, त्यामुळे मोटरला फक्त दोन्हींच्या वजनातला फरक आणि घर्षण एवढंच सांभाळावं लागतं. पूर्वी काही ठिकाणी मोटरही नव्हती. पोर्तुगालमध्ये ब्रागाजवळच्या बॉम जेझुश टेकडीवरची १८८२ची फ्युनिक्युलर अजूनही पाण्यावर चालते: वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड झाला की खाली सरकतो आणि खालचा वर येतो, खाली पोचल्यावर पाणी सोडून द्यायचं.

मोटर बहुतेक ठिकाणी वरच्या स्थानकात असते. डब्यात टोपी घालून उभा असलेला कर्मचारी सहसा गाडी ‘चालवत’ नसतो. तो दारं बघतो, समोरचा मार्ग बघतो आणि वेळ आलीच तर ब्रेक लावतो. काही नव्या फ्युनिक्युलरमध्ये तोही नसतो. तेव्हा “जरा थांबा, आमचे दोघं मागे राहिलेत” ही विनंती त्याला करून उपयोग नाही. दुसऱ्या टोकाचा डबाही त्याच क्षणी सुटायचा असतो आणि तिथली माणसंही दारं लावून बसलेली असतात.

आता गंमत मधल्या भागात आहे. बहुतेक ठिकाणी पूर्ण दुहेरी मार्ग टाकलेला नसतो. एकच मार्ग असतो आणि बरोबर मध्यावर तो दुभंगून पुन्हा एक होतो. दोन्ही डबे तिथे एकमेकांना ओलांडतात. पहिल्यांदा बसलेल्या माणसाला समोरून त्याच रुळांवर डबा येताना दिसतो आणि पोटात गोळा येतो. रेल्वेत अशा जागी सांधा असतो, सांधा बदलणारा माणूस किंवा यंत्र असतं. इथे तसलं काही हलत नाही. डब्याच्या एका बाजूच्या चाकांना दोन्हीकडे कडा असतात, ती आपल्या बाजूचा रूळ सोडतच नाहीत. दुसऱ्या बाजूच्या चाकांना कडाच नसतात, ती रुंद आणि सपाट असतात, त्यामुळे रुळांतल्या फटी आणि दोर सहज ओलांडतात. एक डबा कायम डावीकडे वळतो, दुसरा कायम उजवीकडे. रोमान आब्ट या स्विस अभियंत्याच्या नावाने ही रचना ओळखली जाते, आणि मध्यावर डबे ओलांडण्याची सोय स्वित्झर्लंडमधल्या गीसबाख इथे १८७९मध्ये झाली. चुकीचा सांधा लागण्याचा प्रश्न इथे उद्भवतच नाही, कारण हलणारा सांधाच नाही.

तिकिटाआधी वेळापत्रक

लोक उलटं करतात. आधी तिकीट काढतात, मग बघतात. तिकीटखिडकीशी जाण्याआधी फलकावर तीन गोष्टी शोधा.

पहिली, वरून खाली येणारी शेवटची फेरी किती वाजता. वर जाणारी शेवटची नव्हे, खाली येणारी. दोन्ही एकाच वेळी सुटतात हे खरं, पण फलकावर कधी कधी फक्त एका टोकाची वेळ लिहिलेली असते, किंवा आठवड्याचे दिवस आणि सुट्टीचे दिवस यांच्या वेगवेगळ्या वेळा शेजारी शेजारी असतात आणि माणूस चुकीच्या रकान्यात बघतो. मी हे एकदा केलंय. रविवारच्या दिवशी शनिवारचा रकाना वाचला आणि वरच्या स्थानकाच्या बंद जाळीसमोर येऊन उभा राहिलो. खाली उतरणाऱ्या पायऱ्या होत्या म्हणून निभावलं, पण अंधारात, ओल्या दगडांवरून, मोबाइलच्या उजेडात.

दुसरी, देखभालीसाठी बंद असण्याचे दिवस. हे दुर्लक्षून चालत नाही. दोर वापराने लांबतो. सुरुवातीला जास्त, नंतर कमी, पण लांबतोच. लांबला की खालचा डबा फलाटाशी नेमक्या जागी थांबत नाही, म्हणून दोर अधूनमधून तोडून आखूड करावा लागतो आणि काही वर्षांनी बदलावा लागतो. हे काम होत असताना एक डबा बंद ठेवून दुसरा चालू, असं करता येत नाही, कारण दोर एकच. त्यामुळे सगळी सेवा काही दिवस किंवा आठवडे थांबते, आणि हे सहसा गर्दीचा हंगाम संपल्यावर होतं. म्हणजे जो माणूस गर्दी टाळायला आडहंगामात जातो, नेमका त्यालाच बंद दार दिसण्याची शक्यता जास्त.

तिसरी, ही गाडी शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचा भाग आहे की पर्यटकांसाठी वेगळी चालवली जाते. हे तिकीटखिडकीवर कोणी आपणहून सांगत नाही. इटलीत बेर्गामोला वरच्या गावात नेणारी फ्युनिक्युलर शहर बस चालवणाऱ्या यंत्रणेतच मोडते, त्यामुळे बसचं चालू तिकीट खिशात असेल तर वेगळं काढावं लागत नाही. काही शहरांत मात्र गाडीचं तिकीट संपूर्ण वेगळं, आणि दिवसभराचा पासही तिथे चालत नाही. पास असेल तर तो खिडकीवर दाखवून आधी विचारा, मगच पैसे काढा.

जाण्या-येण्याचं एकत्र तिकीट काढावं का? माझं मत: उतरायची पायवाट माहीत असेल, जमीन कोरडी असेल आणि गुडघे साथ देत असतील, तर फक्त वर जाण्याचं काढा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी उलट करू नये, म्हणजे चालत चढून गाडीने उतरू, असं ठरवून मग वर गेल्यावर रांग बघून पायी उतरायला लागू नये. चढताना छाती भरून येते पण गुडघ्यांना उतरतानाच जास्त धक्के बसतात. त्यांनी दोन्हीकडचं काढलेलं बरं.

रांगेत उभं राहण्याआधी हिशेब

हा भाग नीट वाचा, कारण इथे दोन मिनिटं घालवली की तासभर वाचू शकतो.

समजा, डब्यात फलकावर लिहिलेली क्षमता ६० माणसांची आहे. प्रवास ६ मिनिटांचा, चढ-उतार करायला ४ मिनिटं. म्हणजे दर १० मिनिटांनी एक फेरी. डबे दोन असले तरी वर जाणाऱ्यांसाठी दर १० मिनिटांना एकच डबा मिळतो, दुसरा त्याच वेळी वरून निघालेला असतो. हे बरेच जण विसरतात आणि दोन डबे म्हणून क्षमता दुप्पट धरतात.

आता रांग मोजा. एकेक डोकं मोजत बसू नका. वळसे घेणाऱ्या कठड्यांमधली एक ओळ मोजा, समजा २५ माणसं निघाली. अशा ८ ओळी, म्हणजे २०० माणसं तुमच्या पुढे. ६०ने भागलं तर तीन डबे भरून वीस माणसं उरतात, चौथ्या डब्यात तुम्ही. कागदावर. प्रत्यक्षात ६० हा आकडा सगळे खेटून उभे राहिले तर आहे. बाबागाड्या, पाठीवरच्या पिशव्या, एकत्रच बसायचा हट्ट धरणारी कुटुंबं असतात. ४५ माणसं धरा. मग २००ला चार डबे भरून वीस उरतात, म्हणजे तुमचा नंबर पाचव्या डब्यात. पहिला डबा ५ मिनिटांत सुटणार असेल तर पाचवा ४५ मिनिटांनी. त्यात प्रवासाची ६ मिळवा, ५१ मिनिटं.

आता दोन स्थानकांमधली उंची बघा, ती फलकावर किंवा नकाशावर असतेच. समजा १२० मीटर. साधारण धडधाकट माणूस, डोंगराची सवय नसलेला, तासाला ३०० मीटर उंची चढतो असं धरलं तर १२० मीटरला २४ मिनिटं लागतात. थांबत थांबत गेलात तरी ३५. पायरी १६ सेंटिमीटरची धरली तर सुमारे ७५० पायऱ्या. म्हणजे या रांगेत उभं राहण्यापेक्षा चढून जाणारा वर आधी पोचेल आणि तुमच्या आधी पंधरा मिनिटं कठड्यावर टेकून बसलेला असेल. उंची ३०० मीटर असती तर हिशेब उलटला असता. तासभर चढण्यापेक्षा रांग बरी. सकाळी पहिल्या दोन फेऱ्यांत गेलात तर यातलं काहीच करावं लागत नाही.

तीच २०० माणसं रोपवेच्या दारात असती तर? इथे पुन्हा प्रकार ओळखावा लागतो. काही रोपवेमध्ये दोनच मोठ्या केबिन असतात, एक वर एक खाली. त्यांचा हिशेब फ्युनिक्युलरसारखाच. पण ज्यात लहान केबिन न संपणाऱ्या माळेसारख्या एकामागून एक येत राहतात, तिथे रांग बघून घाबरू नका. बोलिव्हियात ला पाझ शहराच्या वर असलेल्या एल आल्तोला २०१४ पासून असे रोपवे जातात. दहा माणसांची केबिन, दर १२ सेकंदांना एक. २०० माणसं म्हणजे २० केबिन, म्हणजे ४ मिनिटं. रांग तितकीच लांब, पण ती सरकत राहते. तिथे अडथळा माणसांचा नसून वाऱ्याचा असतो. जोराचा वारा किंवा विजांचा गडगडाट असला की रोपवे थांबवतात, फ्युनिक्युलर मात्र रुळांवर असल्याने तशा हवेत बरेचदा चालू राहते. एकाच गावात दोन्ही असतील तर ढगाळ दिवशी मी विचार न करता फ्युनिक्युलर धरतो.

टॉय ट्रेनला तर रांगेचं गणितच लागू नाही. दिवसातून मोजक्या गाड्या, ठरलेल्या जागा, जागा असेल तर आहे, नसेल तर नाही. आणि ती वर पोचण्याचं साधन म्हणून निवडू नये, बसण्यासाठी निवडावी. मेट्टुपालयम ते उटी हे ४६ किलोमीटर चढायला तिला साडेचार तासांहून जास्त लागतात. शिवाय पावसाळ्यात घाटातला मार्ग दरडींमुळे कधी कधी बंद ठेवावा लागतो. माथेरानला पावसाळ्यात नेरळहून येणारी गाडी बंद असते आणि अमन लॉज ते माथेरान एवढ्याच टप्प्यात ती धावते, हे माहीत नसलेले लोक दरवर्षी नेरळच्या खिडकीवर हिरमुसतात.

डब्यात कुठल्या दाराने चढायचं

फ्युनिक्युलरचा डबा बरेचदा जिन्यासारखा असतो: आतले कप्पे पायऱ्यापायऱ्यांनी एकावर एक, आणि फलाटही तसाच पायऱ्यांचा. तुम्ही फलाटावर ज्या पायरीवर उभे राहाल त्याच कप्प्यात चढाल. आत गेल्यावर एका कप्प्यातून दुसऱ्यात जाता येईलच असं नाही. म्हणून दार उघडण्याआधीच जागा निवडा.

आपली खोड अशी की गाडी ज्या दिशेला जाणार त्या टोकाला बसायचं. वर जाताना ते चुकतं. वरच्या टोकाच्या काचेतून रूळ, दोर आणि डोंगराची भिंत एवढंच दिसतं. खालच्या टोकाच्या काचेतून मात्र मागे पडत जाणारं सगळं खालचं गाव, पाणी, क्षितिज. ज्याला यंत्र बघायचं असेल त्याने वर बसावं, ज्याला दृश्य बघायचं असेल त्याने सगळ्यात खालच्या कप्प्यात मागच्या काचेशी उभं राहावं. मी पहिल्या दोन प्रवासांत खाली राहतो आणि नंतर वर जातो, कारण मधला दुभंगलेला मार्ग आणि समोरून येणारा डबा वरच्या काचेतूनच नीट दिसतो.

ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत, चाकांची खुर्ची किंवा बाबागाडी आहे, त्यांनी खालच्या स्थानकावर कर्मचाऱ्याला आधी विचारावं. सहसा एकच कप्पा असा असतो जिथे फलाट आणि डबा एका पातळीत येतात, आणि कधी कधी तिथे पोचायला वेगळी लिफ्ट असते. विचारलं नाही तर आपण गर्दीबरोबर पायऱ्यांवर चढून बसतो आणि मग परत फिरता येत नाही. मोठी सूटकेस घेऊन वरच्या गावात राहायला जाणाऱ्यांनाही हेच लागू. सामानाला वेगळं तिकीट लागतं का, हेही तेव्हाच कळतं.

चढताना डबा किंचित खाली दबल्यासारखा वाटतो. त्याने दचकू नका. खाली उभ्या असलेल्या डब्याच्या वर सगळ्या मार्गाच्या लांबीचा दोर असतो, आणि इतका लांब पोलादी दोर वजन पडलं की थोडासा ताणतोच. वरच्या स्थानकावर तेच वजन चढलं तरी हे जाणवत नाही, कारण तिथे दोर आखूड उरलेला असतो.

सुटल्यावर

उभे असाल तर दांडा धरा, पहिली तीस सेकंदं तरी. सुटणं मऊ असतं, पण अचानक थांबावं लागलं तर डबा दोराच्या ताणामुळे एक-दोनदा पुढे-मागे हिंदकळतो. हा झोका खालच्या भागात जास्त असतो, कारण तेच, दोर लांब.

आता बाहेर बघा. इमारती वाकड्या दिसतील. पीक ट्राममधून जाताना हाँगकाँगच्या उंच इमारती डोंगराकडे कलल्यासारख्या दिसतात, याची तर प्रसिद्धी आहे. आपण कललेल्या डब्यात बसलेले असतो आणि डोळे डब्यालाच सपाट धरून बसतात, म्हणून सरळ गोष्टी तिरक्या वाटतात. काहींना याने मळमळतं. अशा वेळी जवळच्या भिंती, झाडं न बघता लांब पाण्याकडे किंवा क्षितिजाकडे बघावं. स्वित्झर्लंडमधल्या श्टोस इथल्या २०१७च्या फ्युनिक्युलरने हा प्रश्न वेगळ्याच तऱ्हेने सोडवलाय: तिचे डबे पिंपासारखे गोल आहेत आणि चढ वाढला की ते स्वतःभोवती फिरतात, त्यामुळे ४७ अंशांच्या चढावरही जमीन सपाट राहते.

आणि मग कधी तरी गाडी मधेच थांबेल. माझ्या पहिल्या प्रवासात ती चक्क झुडपांत थांबली. फलाट नाही, दिवा नाही, एका बाजूला मातीची भिंत. दार उघडेना. मी इकडेतिकडे बघायला लागलो, तर शेजारच्या आजी शांतपणे पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या. मिनिटभराने गाडी निघाली. कारण नंतर उमगलं: त्या मार्गावर खालच्या अर्ध्या भागात एक मधलं स्थानक होतं. दुसरा डबा त्या स्थानकावर थांबला होता, आणि एकाच दोराला बांधलेले असल्याने आमच्या डब्यालाही थांबणं भागच होतं, तेही मध्यापासून तेवढ्याच अंतरावर, विरुद्ध बाजूला. तिथे स्थानक असो वा झुडूप. नॉर्वेत बर्गनच्या १९१८च्या फ्लोयबानेनसारख्या, मधली स्थानकं असलेल्या मार्गांवर हे रोजचंच. नकाशावर मधली स्थानकं दिसत असतील तर अशा थांब्यांची अपेक्षा ठेवा.

मग खरोखरचा बिघाड कसा ओळखायचा? मिनिट-दोन मिनिटांत गाडी हलली नाही, किंवा थांबताना झटका बसला, किंवा ध्वनिक्षेपकावरून घोषणा आली, तर तो नेहमीचा थांबा नाही. तरीही बहुतेक वेळा कारण किरकोळ असतं, वरच्या डब्याचं दार नीट लागलेलं नसणं वगैरे. शहाणपण एवढंच की दार ओढून उघडायचं नाही. रुळांच्या कडेने पायऱ्या दिसतात, मोह होतो, पण गाडी कोणत्याही क्षणी सुरू होऊ शकते आणि दोर त्याच मधल्या पट्ट्यातून सरकत असतो. उतरवायची वेळ आलीच तर कर्मचारी त्या पायऱ्यांनी येऊन उतरवतात.

दोर तुटला तर, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो, म्हणून टाळत नाही. बहुतेक फ्युनिक्युलरच्या डब्यांना थेट रूळ पकडणारे ब्रेक असतात, जे दोर सैल पडताच आपोआप आवळतात. पण सगळ्या गाड्या सारख्या नसतात. लिस्बनच्या १८८५च्या ग्लोरिया गाडीचा दोर ३ सप्टेंबर २०२५ला डब्याच्या जोडणीपाशी निसटला, आणि तिथले ब्रेक एकट्याने डबा रोखू शकले नाहीत. १६ माणसं गेली. ती जोडणी डब्याखाली होती, सुटी केल्याशिवाय दिसण्यासारखी नव्हती, त्यामुळे रोजच्या नजरेच्या तपासणीत ती सापडली नाही. प्रवाशाला बाहेरून हे ओळखता येत नाही. त्याच्या हातात एवढंच की डबा क्षमतेपेक्षा जास्त भरत असेल तर पुढचा धरायचा, आणि गाडी तपासणीसाठी बंद असेल तर कर्मचाऱ्याशी वाद घालायचा नाही.

उतरल्यावर लगेच, आणि परत येताना

वर पोचलात की दृश्याकडे धावण्याआधी मागे वळून स्थानकाच्या दाराचा फोटो काढा. वरच्या गावांचे रस्ते अरुंद, वाकडे, आणि सगळे एकसारखे. स्थानकाचं दार मात्र बरेचदा एखाद्या जुन्या घराच्या दारासारखं, सहज नजरेतून सुटणारं. बेर्गामोचं वरचं स्थानक अशाच एका जुन्या इमारतीत आहे.

परतीचं गणित सकाळपेक्षा वाईट असतं. सकाळी लोक चार-पाच तासांत विखरून वर येतात. संध्याकाळी सूर्य बुडताना सगळे एकाच वेळी उठतात. आपल्या हिशेबातल्या गाडीची क्षमता तासाला ६ फेऱ्या, ४५च्या हिशेबाने २७० माणसं. वर ५४० माणसं असतील तर शेवटच्या माणसाला दोन तास. शेवटची फेरी नऊला आणि सूर्यास्त सातला असेल तर हे जेमतेम जमतं, सूर्यास्त आठला असेल तर नाही. म्हणून सूर्यास्ताच्या आधी पाऊण तास खाली उतरावं, किंवा उतरायची पायवाट दिवसा बघून ठेवावी. पायवाट स्थानकाच्या शेजारूनच निघते असं नाही. कर्मचाऱ्याला विचारलं तर तो हात करून दाखवतो.

उतरताना बाकं मात्र बदलत नाहीत. बऱ्याच गाड्यांत ती डोंगराकडे तोंड करून पक्की बसवलेली असतात, म्हणजे खाली येताना तुम्ही पाठीमागे जात असता. दृश्य तुमच्या पाठीशी. तेव्हा या वेळी बसू नका. सगळ्यात खालच्या कप्प्यात उभं राहा, दांडा धरा, काचेला तोंड करा. मध्यावर वर जाणारा डबा शेजारून सरकेल.